मंगळवारच्या मध्यरात्रीपासून

आमची सोसायटी धरमपेठेच्या मागच्या अंगाला होती. समोरासमोर दोन इमारती, मध्ये फरशीचं अंगण, जिन्याखाली लाकडी चौकटीचा नोटीस बोर्ड. मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा सासरे नुकतेच एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि सोसायटीचे सचिव झाले होते. घरात आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. सोसायटीत ते काका होते.

बाबांना नोटीस लिहायला फार आवडायचं. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी साहेबांसाठी मसुदे तयार केले होते, आणि साहेबाने एक शब्दही न बदलता सही करावी हा त्यांचा मोठा अभिमान होता. सकाळी आंघोळ झाली की ते टेबलाशी बसत, आधी कच्चं लिहीत, मग फुलस्केपवर पक्कं. लिहून झालं की मला हाक मारून वाचून दाखवत. "सूनबाई, ऐक. कसं वाटतं?" मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची आणि "छान" म्हणायची. खरं सांगायचं तर मधेच कुठेतरी माझं लक्ष सुटलेलं असायचं. पण त्या भाषेचा एक रुबाब होता. आपल्या घरातून असं काही लिहून बाहेर जातं याचं मलाही बरं वाटायचं.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या एका दसऱ्याची आहे. दसरा बुधवारी होता. आदल्या आठवड्यात महापालिकेच्या पाणी खात्याकडून पत्र आलं की मोठ्या लाईनवरचा व्हॉल्व्ह बदलायचा आहे, तेव्हा मंगळवारी शून्य वाजल्यापासून चोवीस तास पाणी बंद राहील. बाबांनी ठरवलं की पाणी बंदच आहे तर त्याच दिवशी गच्चीवरची टाकी रिकामी करून धुऊन घ्यावी. विचार चांगला होता. एरवी टाकीचं पाणी सकाळपुरतं तरी मिळालं असतं, पण धुवायची म्हणजे तेही नाही.

पत्रातलं "शून्य वाजल्यापासून" बाबांना आवडलं नाही. "ही काय भाषा झाली? शून्य वाजतात का कधी?" असं म्हणून त्यांनी आपली नोटीस लिहिली. ती मला आजही जवळजवळ पाठ आहे, कारण पुढे ती सभेत पुन्हा पुन्हा वाचली गेली.

"उपरोक्त विषयास अनुसरून संस्थेच्या सर्व सन्माननीय सभासदांस विदित करण्यात येते की, मुख्य जलवाहिनीवरील झडप बदलण्याचे कार्य योजिले असल्याकारणाने संस्थेस होणारा पाणीपुरवठा मंगळवारच्या मध्यरात्रीपासून एक अहोरात्र स्थगित राहील. तत्पूर्वी सभासदांनी आवश्यक ती तजवीज करून ठेवावी. तसेच सदर कालावधीत गच्चीवरील टाकीच्या सफाईचे काम हाती घेण्यात येणार असल्याने त्याचीही नोंद घेण्यात यावी."

वर विषय, संदर्भ, खाली "आपला विश्वासू". पाणी शब्द चौथ्या ओळीत होता.

नोटीस घरोघर फिरली. प्रत्येकाने वाचली असं दाखवायला सही करायची पद्धत होती. सगळ्यांच्या सह्या झाल्या. मग नोटीस बोर्डावर लागली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सोसायटीतल्या बहुतेकांना नोटीस कळायची ती नोटिशीतून नव्हे. अध्यक्ष एका बँकेत अधिकारी होते, ते संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायचे. शेजारच्या काकू भाजी निवडायला माझ्या सासूबाईंजवळ बसायच्या. खालचे मास्तर बाबांबरोबर फिरायला जायचे. "काका, पाणी नेमकं कधी जाणार?" असं कुणी विचारलं की बाबा सांगायचे, "सोमवारी झोपायच्या आधी भरून ठेवा, मंगळवारी दिवसभर नाही." झालं. एवढं एक वाक्य. ते वाक्य नोटिशीत कुठेच नव्हतं, पण आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांत पोचलं होतं.

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक शिक्षिका राहायच्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. त्या एका मुलींच्या शाळेत शिकवायच्या, नवरा रेल्वेत. त्यांचं घर बौद्ध होतं. त्यांच्या सासऱ्यांनी छप्पन साली नागपुरातच दीक्षा घेतली होती. अख्ख्या सोसायटीत ते एकच घर तसं होतं. त्यांच्याशी कुणी वाईट वागत नव्हतं. जिन्यात भेट झाली की "काय बाई, शाळा?" आणि "हो, शाळा." पण त्यांच्याकडे चहाला कुणी जात नव्हतं, आणि त्याही आमच्याकडे कधी येऊन बसल्या नव्हत्या. त्या का येत नाहीत, हे आम्ही कधी एकमेकांना विचारलं नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक असलं की प्रश्न कोण विचारतो?

दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर यायला त्यांच्याकडे गावाकडची माणसं उतरायची. त्या वर्षी सोमवारी संध्याकाळी मी पाणी भरून गॅलरीत उभी होते तेव्हा ती मंडळी आली. पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बायका, डोक्यावर गाठोडी, हातात भाकऱ्यांचे डबे. पंचवीसेक तरी असतील. बाई खाली उतरून एकेकीच्या पाया पडत होत्या. खूप आनंदात दिसत होत्या. आमच्या घरात मात्र त्या वेळी पिण्याच्या पाण्याचे पितळी गुंड, बादल्या, पातेली, अगदी पिठाचे रिकामे डबेसुद्धा पाण्याने भरून झाले होते. समोरच्या दुसऱ्या मजल्यावर कुणी काही भरताना दिसत नव्हतं.

मी आत येऊन बाबांना म्हटलं, "बाबा, समोरच्या बाईंकडे पाहुणे आलेत बरेच. पाण्याचं सांगून येऊ का?"

बाबा रेडिओ लावत होते. "सही झाली आहे त्यांची," ते म्हणाले. "शिक्षिका आहेत. वाचता येतं त्यांना."

सासूबाई म्हणाल्या, "तू काहून जातेस वं? पोळ्या टाक."

मी पोळ्या टाकल्या.

सकाळी नळ कोरडे होते. गच्चीवरून टाकी घासल्याचा खरखर आवाज येत होता. सातच्या सुमारास आमची कडी वाजली. दारात बाई होत्या. हातात प्लास्टिकची हिरवी बादली. मी पीठ मळत होते, म्हणून दार सासूबाईंनी उघडलं, आणि मी मागे हाताला पीठ घेऊन उभी राहिले.

"काकू, पाणी आजच गेलं का हो?" बाईंनी विचारलं. "नोटिशीत मंगळवारची मध्यरात्र लिहिली होती. आम्ही समजलो आज रात्री बारानंतर. आज दिवसभरात भरून ठेवू म्हटलं. घरात लहान लेकरं आहेत. एक बादली मिळेल का?"

सासूबाईंचं माहेर मौद्याकडचं एक खेडं. मनाने त्या वाईट नव्हत्या. भिकाऱ्याला कधी रिकाम्या हाताने परत पाठवत नसत. त्यांनी "आपल्यालेच पुरत नाही बाई, पण घ्या," असं म्हटलं आणि न्हाणीघरातल्या ड्रमातून तांब्या भरून आणला. स्वयंपाकघरात गुंड भरलेले होते, तिकडे त्या वळल्याच नाहीत. बादली उंबऱ्याबाहेर होती. सासूबाईंनी उंबऱ्याच्या आत उभं राहून, तांब्या चांगला वर धरून, बादलीला लागणार नाही असा, पाणी ओतलं. बारीक धार. थोडं पाणी फरशीवर सांडलं. मग दुसरा तांब्या आणायला त्या आत गेल्या.

बाई त्या ओल्या फरशीकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "बाई, थांबा, मी आतलं देते. प्यायचं."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. त्यांनी बादली उचलली, तळाशी जेवढं पाणी होतं ते आमच्या दारातल्या तुळशीच्या कुंडीत ओतलं, आणि जिना उतरून गेल्या. सासूबाई दुसरा तांब्या घेऊन आल्या तेव्हा दारात कुणी नव्हतं.

"कुठं गेली?"

पिठाचे हात तसेच होते, त्यामुळे मला धड डोळेही पुसता आले नाहीत.

त्यानंतर जे झालं ते सगळ्या सोसायटीने गॅलऱ्यांत उभं राहून पाहिलं. गल्लीच्या टोकाला एका बंगल्याच्या आवारात विहीर होती. बाईंकडच्या पाहुण्यांपैकी एका म्हाताऱ्या मावशीने आमच्या अंगणात उभं राहून मोठ्याने विचारलं, "अवं माय, इकडं हीर कुठं हाय?" अंगणात खेळणाऱ्या एका पोरीने बोट दाखवलं. मग ती सगळी मंडळी निघाली. बादल्या, कळशा, भाकरीचे रिकामे केलेले डबे. कालच प्रवास करून आलेल्या त्या बायका भरलेली भांडी घेऊन रस्त्यावरून येत आणि दोन मजले चढत. जिन्यात त्या ठरावीक अंतरावर उभ्या राहिल्या आणि एकीच्या हातातून दुसरीच्या हातात भांडी जाऊ लागली. त्या आपसात हसत-बोलत होत्या. त्यांच्यासाठी हे नवीन नव्हतं. मान खाली गेली होती ती आमची.

बाबा गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. बराच वेळ पान उलटलं नाही. मग ते म्हणाले, "सह्या केल्यावर निदान वाचावं तरी." कुणाला म्हणाले कळलं नाही. पेपर घडी करून ते आत गेले.

दसरा झाला. पाहुणे गेले. शेजाऱ्यांनी एकमेकांना सोनं वाटलं. बाई आमच्याकडे आल्या नाहीत, आणि आमच्यापैकीही कुणी त्यांच्याकडे गेलं नाही.

रविवारी अंगणात महिन्याची सभा होती. सतरंज्या अंथरल्या होत्या, अध्यक्षांसाठी आणि बाबांसाठी दोन खुर्च्या. मीही मागे बायकांत बसले होते. नेहमीचे विषय झाले, पंपाचं बिल, सायकली ठेवायची जागा. अध्यक्षांनी "आणखी काही?" असं सवयीने विचारलं, आणि बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात बोर्डावरून काढलेली ती नोटीस होती.

"मला तक्रार करायची नाही," त्या म्हणाल्या. "एक विचारायचं आहे. मी ही नोटीस वाचते. ऐकून सगळ्यांनी एवढंच सांगायचं की पाणी कधी जाणार."

त्यांनी वाचली. शाळेत धडा वाचतात तशी, स्पष्ट, सावकाश. एकेका अवघड शब्दाला न अडखळता. संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे सोमवारी रात्री बाराला."

"नाही हो," मागून कुणीतरी म्हणालं, "मंगळवारची मध्यरात्र म्हणजे मंगळवारी रात्रीच ना?"

"अहोरात्र म्हणजे किती? बारा तास का चोवीस?"

"टाकीचं काय आहे यात? टाकी तर चालू राहील असं वाटतं ऐकून."

बाईंनी नोटीस पुन्हा वाचली. या वेळी लोक कान देऊन ऐकत होते. तरी दोन तट पडलेच. कुणी मध्यरात्र आधीच्या दिवसाची धरत होतं, कुणी नंतरच्या. मग बाईंनी विचारलं, "पण मंगळवारी सकाळी तुमच्या सगळ्यांच्या घरी पाणी होतं. ज्यांना नोटीस कळली नाही त्यांच्याकडेही होतं. ते कसं?"

खालचे मास्तर सरळ माणूस. ते म्हणाले, "मी काकांना फिरताना विचारलं होतं."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "मला यांच्या घरातूनच कळलं."

अध्यक्ष चष्मा पुसत होते. "मीही... चहाच्या वेळी बोलणं झालं होतं."

एकामागून एक सगळे तेच म्हणाले. प्रत्येक उत्तराबरोबर बाबांचा चेहरा उतरत गेला. मला वाटत होतं कुणीतरी आता थांबावं, पण थांबवायचं कुणी?

"मला कुणी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "तशी तक्रारही नाही. पण मग माझ्यापर्यंत यायला हा एकच कागद आहे, काका. तो तरी मला कळेल असा असू द्या."

बाबा उभे राहिले. "माझी भाषा जर सभासदांना समजत नसेल," त्यांनी सुरुवात केली, आवाज चढलेला होता, "तर मी राजीनामा देतो." मग त्यांनी बाईंच्या हातातून नोटीस घेतली. त्यांना ती स्वतःच वाचून दाखवायची होती, अर्थ कसा स्पष्ट आहे ते सांगायला. ते वाचू लागले. "मंगळवारच्या मध्यरात्रीपासून" इथे आले आणि थांबले. ओठ नुसते हलले. मी त्यांना रोज बघत होते, म्हणून मला कळलं: त्यांना त्या क्षणी दोन्ही अर्थ दिसले होते.

ते पुन्हा खुर्चीत बसले. नोटीस मांडीवर. इतक्या माणसांसमोर मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांची कीव आली. पण त्याच वेळी आठवत होती ती दारातली ओली फरशी, जिच्याबद्दल बाईंनी सभेत चकार शब्द काढला नव्हता. त्या बोलतील म्हणून सासूबाई माझ्या शेजारी पदर घट्ट आवळून बसल्या होत्या. बाई बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं. निदान ते आमच्या घरातून बाहेर पडलं असतं.

"राजीनामा नको," बाई म्हणाल्या. "पुढची नोटीस नीट लिहा." आणि त्या बसल्या.

पुढची नोटीस दुसऱ्याच दिवशी लिहायची वेळ आली. व्हॉल्व्ह गळत होता म्हणे. पाणी खात्याचं पत्र आलं की येत्या शुक्रवारी पुन्हा शून्य वाजल्यापासून चोवीस तास पाणी बंद. बाबा जेवून टेबलाशी बसले. दुपारभर मला कागद चुरगाळल्याचा आवाज येत होता. चारच्या सुमारास त्यांनी हाक मारली. "सूनबाई, ऐक." त्यांनी वाचायला सुरुवात केली, "उपरोक्त..." आणि थांबले.

"बस," ते म्हणाले. "मला जमत नाही. छान म्हणू नको आता. तूच सांग कसं लिहायचं."

मी त्यांच्यासमोर त्यापूर्वी कधी खुर्चीवर बसले नव्हते. स्टुलाच्या टोकावर बसले. म्हटलं, "बाबा, मास्तर तुम्हाला फिरताना विचारतात तेव्हा तुम्ही काय सांगता?"

"काय म्हणजे? गुरुवारी रात्री भरून ठेवा, शुक्रवारी दिवसभर पाणी नाही."

"तेच लिहा ना."

"एवढंच?" ते माझ्याकडे बघत राहिले. "ही काय नोटीस झाली? हे तर बोलणं झालं."

पण त्यांनी लिहिलं. मग विषय खोडला. संदर्भ खोडताना त्यांना फार जड गेलं. पत्राचा क्रमांक असला की कागदाला वजन येतं, ते म्हणाले. मी म्हटलं, पत्र तुमच्या फायलीत आहेच, ज्याला हवं तो येऊन बघेल. "सन्माननीय" गेलं. "विदित" गेलं. व्हॉल्व्ह का बदलतात हेही गेलं, कारण ते कळून कुणाची बादली भरणार नव्हती. राहिली वेळ. बाबांनी "रात्री बारा" लिहिलं आणि स्वतःच पेन उचललं.

"बारा नको," ते म्हणाले. "बारा आले की पुन्हा दोन दिवसांत भांडण. आपण गुरुवारी रात्री दहालाच पंप बंद करून टाकू. दहा म्हणजे दहा. दहा वाजता कुणाला वार विचारावा लागत नाही."

हे मला सुचलं नसतं. त्यांनीच शोधलं. आणि "चोवीस तास" काढून पाणी परत केव्हा येणार तेही त्यांनीच घातलं. मग म्हणाले, "लोकांनी काय करायचं, हे वेगळ्या ओळीत हवं." शेवटी सगळं मिळून चार ओळी झाल्या. त्यांनी ते मला वाचून दाखवलं आणि मी काही बोलायच्या आतच उठून टोपी घातली.

"चल," ते म्हणाले. "बोर्डावर लावण्याआधी एकदा बाईंना वाचायला देऊ."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

समोरच्या इमारतीचा जिना आम्ही दोघं चढलो. मी इतक्या वर्षांत त्या जिन्याने वर गेले नव्हते. दाराशी रांगोळी होती, आत पोर पाढे म्हणत होतं. बाईंनी दार उघडलं. आम्हाला बघून त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "या" म्हणाल्या नाहीत. दार अर्धं धरून उभ्या राहिल्या. आम्हालाही आत येऊ का असं विचारायला तोंड नव्हतं.

बाबांनी कागद पुढे केला. "शुक्रवारची नोटीस आहे. लावण्यापूर्वी म्हटलं तुम्ही बघावी. कळते का."

बाईंनी वाचली. एकदाच. मग म्हणाल्या, "कोणता शुक्रवार?"

"हा. येणारा."

"नोटीस बोर्डावर आठ-आठ दिवस राहते, काका. शुक्रवार दर आठवड्याला येतो. तारीख घाला."

बाबांनी खिशातलं पेन काढलं आणि तिथेच, भिंतीवर कागद धरून प्रत्येक वारापुढे तारीख घातली.

"आणि टाकी? या वेळी धुणार नाही ना? मग टाकीतलं पाणी येईल का नाही?"

"टाकी भरलेली आहे. शुक्रवारी सकाळी सहा ते सात सोडायचं ठरवलंय. मग संपेल."

"हे कुठं आहे इथं?"

बाबा कागदाकडे बघत राहिले. "नाहीये," ते म्हणाले. "मला माहीत होतं म्हणून..." त्यांनी भिंतीवर कागद धरून आणखी एक ओळ लिहिली. पेन उभ्या कागदावर नीट चालत नव्हतं, अक्षर वाकडं आलं. ज्या माणसाने आयुष्यभर मोत्यासारखं अक्षर काढलं तो माणूस एका परक्या दाराशी उभा राहून वाकडं लिहीत होता, आणि मी बाजूला उभी राहून जिन्याच्या कठड्याकडे बघत होते.

बाईंनी पुन्हा वाचली. या वेळी मोठ्याने:

"पाणी बंद. गुरुवारी रात्री दहापासून शनिवारी सकाळी सहापर्यंत नळाला पाणी येणार नाही. शुक्रवारी सकाळी सहा ते सात टाकीतलं पाणी सुटेल, त्यानंतर दिवसभर नाही. गुरुवारी संध्याकाळीच पाणी भरून ठेवा."

वाराशेजारच्या तारखा त्यांनी बोटाने तपासल्या. मग कागद परत दिला. "आता कळतं," त्या म्हणाल्या.

बाबांनी मान हलवली. त्यांना अजून काही बोलायचं होतं. मंगळवारी तुमच्या पाहुण्यांना त्रास झाला, असं काहीसं ते पुटपुटले. बाई म्हणाल्या, "त्यांना सवय आहे, काका." बाबांनी मान खाली घातली. मग बाई माझ्याकडे वळल्या. मी तोंड उघडलं. दारातल्या त्या सकाळबद्दल मला बोलायचं होतं, पण सासूबाईंची बाजू न घेता आणि त्यांना उघडंही न पाडता ते कसं बोलायचं, ते मला येत नव्हतं. चार ओळींची नोटीस सुचवणाऱ्या मला स्वतःसाठी एक ओळ सापडली नाही. "येते," मी म्हटलं. त्यांनी दार लावलं, हळूच, आवाज न करता.

त्याच संध्याकाळी बोर्डावर नोटीस लागली. बाबांनी ती मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहून काढली होती. "पाणी बंद" हे दोन शब्द तर जिन्यावरून उतरताना दिसत. या वेळी त्यांनी सह्यांचा कागद फिरवला नाही, स्वतः दोन्ही इमारतींत घरोघर गेले आणि दारात उभं राहून "नोटीस वाचली का? कधी जाणार पाणी?" असं विचारत राहिले. अध्यक्षांनी थट्टा केली, "काका, तुमची मराठी आटली का काय?" बाबा हसले नाहीत. "तुम्ही सांगा आधी, कधी जाणार?" त्यांनी विचारलं. अध्यक्षांना सांगावं लागलं.

गुरुवारी संध्याकाळी मी गॅलरीतून बघत होते. समोर दुसऱ्या मजल्यावर बाईंचा नवरा बादल्या भरून ओळीने ठेवत होता. शुक्रवार शांततेत गेला. कुणाची कडी वाजली नाही.

शनिवारी दुपारी सासूबाई धान्य पाखडत होत्या. एकाएकी सूप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तिच्याकडं काल पाणी होतं का वं?"

"होतं," मी म्हटलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. सुपातला एक खडा त्यांनी वेचून टाकला. "मले तसंच शिकवलं होतं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. "माहेरी. मायनं." मी म्हटलं, "आई, आपण जाऊन येऊ का त्यांच्याकडे?" त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि पुन्हा पाखडायला लागल्या. आम्ही गेलो नाही. पुढच्या रविवारी जाऊ असं माझ्या मनात होतं, मग दिवाळी आली, मग कुणाचं तरी आजारपण.

बाई आणखी चार-पाच वर्षं तिथे होत्या. बाबांची प्रत्येक नोटीस, सभेची असो, रंगकामाची असो, बोर्डावर लागण्याआधी त्यांच्या दारात जायची. बाबाच जायचे. बाई दारात उभ्या राहून वाचायच्या, बोट ठेवून काहीतरी विचारायच्या, बाबा भिंतीला कागद लावून दुरुस्त करायचे. एकदा मी विचारलं, "आत बोलावतात का हो तुम्हाला?" बाबा म्हणाले, "नाही. मीही थांबत नाही." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांना ते योग्य वाटत असावं.

मग बाईंनी मनीषनगरात प्लॉट घेऊन घर बांधलं. तेव्हा तिकडे नुसते मोकळे प्लॉट होते, घरं थोडी. सामानाचा ट्रक आला तेव्हा मी अंगणात उतरले. बाईंनी सगळ्यांचा निरोप घेतला, माझाही. "या कधी घरी," त्या म्हणाल्या. त्या घरातून मला आलेलं हे पहिलंच आमंत्रण होतं. मी "नक्की" म्हटलं. त्यांनी पत्ता सांगितला, कुठून वळायचं, कोणत्या झाडापाशी, अगदी नीट, चुकायला जागा नाही असा.

मी गेले नाही. पत्ता अजून पाठ आहे.